पेपर तुरुंगात होईल का, की पोलीस गाडीतून जावं लागेल?

*"सर, माझा धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे. बारावी आर्ट्सला, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात रेग्युलर. दिवाळीत गावात भांडण झालं, त्यात जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. सत्तर दिवस झाले, यवतमाळच्या जिल्हा कारागृहात आहे. सेशन्स कोर्टानं जामीन नाकारला, नागपूरला हायकोर्टात अर्ज टाकला आहे. पेपर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. वकील म्हणतात, जामिनाची वाट पाहू. काका म्हणतात, पोरगा पोलिसांच्या गाडीतून कॉलेजात उतरला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पुढच्या वर्षी देईल. मला वाटतं, त्याचे पेपर जेलमध्येच घ्यायला काय हरकत आहे? नाहीतरी कैद्यांच्या परीक्षा होतातच ना? कोणाला भेटू ते सांगा."*
*— एक बहीण, यवतमाळ जिल्हा*

ताई,

तुमच्या पत्रात तिघांची मतं आहेत, वकिलांची, काकांची आणि तुमची. ज्याला पेपर लिहायचे आहेत त्याचं मत मात्र कुठे दिसलं नाही. कारागृहातल्या येत्या मुलाखतीला आधी त्यालाच विचारा. सत्तर दिवस बराकीत काढलेल्या पोराला कधी पेपर म्हणजे रोजच्या दिवसातून सुटका वाटते, तर कधी वर्गातल्या पोरांसमोर जाण्यापेक्षा नापास होणं बरं वाटतं. तो नाही म्हणाला तर पुढची धावपळ कोणासाठी करायची? हो म्हणाला तर मात्र एक दिवसही घालवू नका. हाताशी जेमतेम पाच आठवडे आहेत आणि यातलं प्रत्येक काम दोन-तीन कार्यालयांच्या टेबलांवरून फिरतं.

आता जेलमधल्या पेपरांचं. हो, कैद्यांच्या परीक्षा होतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो तेव्हा एका मध्यवर्ती कारागृहातल्या उपकेंद्रावर पर्यवेक्षक म्हणून गेलो आहे. तिथं काय असतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या भावासाठी ते का अवघड आहे हे कळेल.

तुरुंगातलं केंद्र तुरुंग चालवत नाही. ते जवळच्या एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या मुख्य केंद्राचं उपकेंद्र असतं. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं ती सांभाळणाऱ्या परिरक्षकाकडून निघतात, रनर ती पोचवतो, आणि वर्गात पर्यवेक्षक म्हणून बाहेरचे शिक्षक असतात. शिपाई दाराबाहेर उभे राहतात, पेपराला हात लावत नाहीत. आम्ही पोचलो की मोठ्या फाटकातल्या लहान दारातून वाकून आत जायचं, मोबाइल आणि पाकीट जमा करायचं, अंगझडती द्यायची आणि गेटच्या रजिस्टरात नाव, वेळ, सोबतची पाकिटं लिहायची. पेपर अकराला असला तरी आम्हाला नवाच्या सुमारास निघावं लागे, कारण फाटकावर किती वेळ मोडेल ते सांगता येत नसे. आत एका मोठ्या खोलीत बाकं एकामागे एक मांडलेली. पुरवण्या बांधायचा पांढरा दोरासुद्धा तुकडे मोजून दिला जाई आणि उरलेले तुकडे मोजून परत घेतले जात. एकदा एक तुकडा कमी भरला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तयार, रनर ताटकळलेला आणि आम्ही सगळे बाकांखाली दोरा शोधतोय. शेवटी तो माझ्याच बुटाला चिकटलेला निघाला.

एवढी व्यवस्था विभागीय मंडळाच्या परवानगीनं, आधीपासून ठरवून उभी राहते. आत परीक्षा देणारे बहुतेक जण सतरा नंबरचा फॉर्म भरलेले खासगी विद्यार्थी असतात, त्यामुळे त्यांचं केंद्र फॉर्म भरतानाच कारागृहाच्या सोयीनं ठरवता येतं. तुमच्या भावाचं तसं नाही. तो रेग्युलर, त्याचं आवेदनपत्र कॉलेजातून गेलं आणि बैठक क्रमांक कॉलेजच्या केंद्राला बांधलेला. एका मुलासाठी जिल्हा कारागृहात नवं उपकेंद्र, रनर, पर्यवेक्षक, हे सगळं पाच आठवड्यांत उभं राहील या भरवशावर बसू नका. अधीक्षकांनी मनावर घेतलं तरी त्यांच्या हातात प्रस्ताव पाठवण्यापलीकडे काही नाही. केंद्र देणं मंडळाचं काम.

कोणी सांगेल, त्याला नागपूर किंवा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात हलवून घ्या. पण न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेला कैदी, न्यायालयाच्या हुकमाशिवाय असा हलत नाही. हलला तरी बैठक क्रमांकाचा प्रश्न तिथल्या तिथंच राहतो, आणि तुमच्या मुलाखतीही लांब जातात. हा रस्ता सोडा.

मग उरतात दोन वाटा. त्या एकच आहेत असं तुमच्या वकिलांनी धरलेलं दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अंतरिम जामिनाची. परीक्षेपुरती तात्पुरती सुटका, पेपर संपले की स्वतःहून परत हजर व्हायचं. मुख्य जामीन अर्ज हायकोर्टात आहे, तेव्हा ही मागणीही तिथंच करावी लागेल. सेशन्सनं एकदा नाही म्हटलेल्या गुन्ह्यात, समोरचा जखमी माणूस त्याच गावात राहत असताना, सरकारी वकील याला विरोध करतील हे नक्की धरा. मिळाला तर उत्तम. पण तारीख कधी लागेल ते तुमच्या हातात नाही.

दुसरी वाट म्हणजे कोठडीतच राहून परीक्षेला बसण्याची परवानगी. यात जामीन नाही, सुटका नाही. पेपरच्या दिवशी पोलिसांचं पथक त्याला कारागृहातून ताब्यात घेतं, केंद्रावर नेतं, पेपर झाला की परत आणून पोचवतं. कायद्याच्या नजरेत माणूस कोठडीबाहेर जातच नाही, म्हणून ही परवानगी मिळणं जामिनापेक्षा पुष्कळ सोपं असतं. अर्जही नागपूरला न्यायचा नाही. ज्या न्यायालयाच्या हुकमानं तो सध्या कोठडीत आहे तिथंच द्यायचा. दोषारोपपत्र अजून आलं नसेल तर ते तुमच्या तालुक्याचे न्यायदंडाधिकारी, खटला सेशन्सकडे वर्ग झाला असेल तर सेशन्स. हायकोर्टातला जामीन अर्ज चालू असला तरी हा अर्ज अडत नाही. वकिलांना एवढंच विचारा: जामिनाची वाट पाहू, पण तोवर परवानगीचा अर्ज का टाकायचा नाही?

जाता जाता दिवसांचाही हिशेब विचारून घ्या. अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, पण तो मागावा लागतो. तुमचे सत्तर झालेत, म्हणजे ती तारीख पेपर सुरू व्हायच्या थोडी आधीच येते. बहुधा पोलीस त्याआधी दोषारोपपत्र देतील. तरी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

परवानगीच्या अर्जात काय असावं यावर सगळं अवलंबून आहे, कारण "परीक्षेस बसू द्यावे" एवढाच मोघम आदेश निघाला तर पुढे सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मी पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. एका मुलाला परवानगी मिळाली, आदेश कारागृहात पोचला, अधीक्षकांनी त्याला आंघोळ-जेवण उरकून साडेसातला तयार ठेवलं. पण पोलीस मुख्यालयाला आदेशाची प्रत गेलीच नव्हती. पथक मिळवण्यात दहा वाजले. पोरगा केंद्रावर आला तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या आणि उशिराचा घोळ मिटेपर्यंत इंग्रजीचा पेपर हातचा गेला. दोष कोणा एकाचा नव्हता, आदेशात पोलिसांचं नावच नव्हतं.

म्हणून अर्जाला हॉल तिकिटाची प्रत, मंडळाचं वेळापत्रक आणि प्राचार्यांचं तो नियमित विद्यार्थी असल्याचं पत्र जोडा. वेळापत्रकातले त्याचेच पेपर घेऊन विषय, तारीख, सत्र आणि केंद्राचा पूर्ण पत्ता असा तक्ता अर्जातच लिहा, म्हणजे सगळ्या पेपरांना मिळून एकच आदेश होईल. दर पेपराला नवा अर्ज करायची वेळ येऊ देऊ नका. आदेश तिघांच्या नावानं मागा: कारागृह अधीक्षकांनी त्याला अमुक वाजता ताब्यात द्यावं, जिल्हा पोलीस अधीक्षकांनी पथक आणि वाहन द्यावं, केंद्र संचालकांनी त्याला बसू द्यावं. सकाळच्या सत्राला साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं, पेपर अकरा ते दोन वाजून दहा मिनिटं. तुमचा तालुका कारागृहापासून 60-70 किलोमीटर असेल तर पथक आठला निघायला हवं. "केंद्रावर दहा वाजेपर्यंत पोचेल अशा बेताने" हे शब्द आदेशात येऊ द्या.

पथकाच्या खर्चाचंही लिहा. असा बंदोबस्त अर्जदाराच्या खर्चानं द्यावा असा आदेश कधी कधी होतो, आणि सहा-सात दिवसांचा गाडी-माणसांचा खर्च शेतकरी घराला झेपण्यातला नसतो. वडिलांचा उत्पन्नाचा दाखला जोडून खर्च माफ करण्याची विनंती त्याच अर्जात करा. नंतर केली तर पहिला पेपर त्यातच जातो.

आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रत काढा आणि स्वतः तीन ठिकाणी पोचवून पोच घ्या: कारागृहात, पोलीस मुख्यालयात राखीव पोलीस निरीक्षकांकडे आणि प्राचार्यांकडे. टपालावर सोडू नका. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी मुख्यालयात पुन्हा जाऊन या. मोर्चा, मंत्र्यांचा दौरा किंवा जत्रेचा बंदोबस्त आला की पथकाची माणसं तिकडे जातात, हे आपल्याकडे नवं नाही.

आता काकांच्या म्हणण्याकडे येतो. लाज ही खोटी गोष्ट नाही, आणि गावात राहायचं त्यांना आहे, मला नाही. पण ते जे चित्र डोळ्यांसमोर आणतात, हातात बेडी घातलेला पोरगा कॉलेजच्या आवारात, ते तसंच असावं लागतं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सांगून ठेवलं आहे की बेडी सरसकट घालायची नाही, त्याला ठोस कारण हवं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं काही गंभीर गुन्ह्यांत अटक करताना आणि न्यायालयात नेताना मुभा दिली आहे, परीक्षेच्या बाकाचा तिथं उल्लेख नाही. तेव्हा बेडीशिवाय न्यावं आणि सोबतचे पोलीस साध्या वेशात असावेत, अशी मागणी अर्जात घाला. पोलीस वर्गात बसत नाहीत, दाराशी थांबतात. बाकी मुलं आत जायच्या आधी किंवा नंतर त्याला नेता येतं, हे केंद्र संचालकांशी आधी बोलून ठरतं. बहुतेक संचालक समंजस असतात, त्यांनाही गेटवर गर्दी नकोच असते.

शिवाय केंद्रच बदलून मागता येतं, आणि तुमच्या प्रकरणात मी याचाच सगळ्यात जास्त विचार करीन. पेपर कारागृहात नाही आणि तालुक्यातही नाही, तर यवतमाळ शहरातल्या, कारागृहाजवळच्या एखाद्या केंद्रावर. अपवादात्मक कारण असेल तर असा बदल विभागीय मंडळाकडे मागायचा, आणि यवतमाळ जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो. मागणी प्राचार्यांमार्फत, विभागीय सचिवांच्या नावे, सोबत न्यायालयाचा आदेश. दोन तासांचा प्रवास दहा मिनिटांवर येतो, पथक मिळणं सोपं होतं, आणि काकांच्या ओळखीचं तिथं कोणी नसतं. मंडळ हो म्हणेलच असं मी सांगत नाही, पेपर तोंडावर असताना बदल नाकारलाही जातो. म्हणून न्यायालयाच्या आदेशात "मूळ केंद्र किंवा मंडळ बदलून देईल ते केंद्र" असं लिहून घ्या. एवढे शब्द लिहायचे राहून गेले तर केंद्र मिळूनही पथक जुन्याच पत्त्यावर जाईल.

आणि गुणपत्रिकेचीच काळजी असेल तर ती सोडा. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला पोरगा कुठून आला ते कळत नाही. गुणपत्रिका त्याला त्याच्याच कॉलेजातून मिळेल, तीवर कारागृहाचा उल्लेख नसतो.

"पुढच्या वर्षी देईल" यातही एक गैरसमज आहे. मुख्य परीक्षा हुकली तर वर्षभर थांबायचं नसतं, जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. आणि बारावीत ज्या विषयांत पास झाला त्यांचे गुण राहतात, पुढच्या खेपेला राहिलेलेच विषय द्यायचे. म्हणजे सहापैकी चारच पेपर देता आले तरी ते चार कुठं जात नाहीत. पथकानं एक दिवस दगा दिला तर बाकीचे सोडून देऊ नका, एवढं त्याला आत्ताच सांगून ठेवा.

तोंडी परीक्षा विसरू नका. मराठी, इंग्रजीच्या तोंडीचे आणि भूगोल असेल तर त्याच्या प्रात्यक्षिकाचे गुण लेखी पेपरांच्या आधीच कॉलेजात घेतले जातात, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत ती तारीख उलटते. अर्जाच्या तक्त्यात ते दिवसही घाला. नाही जमलं तर लेखीनंतर आऊट ऑफ टर्न घेण्याची सोय मंडळ करतं, त्यासाठी प्राचार्यांना आत्ताच लेखी द्या. एकदा पेपरांच्या तारखा आणि न्यायालयातल्या तारखाही शेजारी ठेवून पाहा. हल्ली बरीच हजेरी व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते, तरी एखादी सुनावणी पेपरच्या दिवशी येत असेल तर आधीच सांगितलेलं बरं.

वकिलांची फी परवडत नसेल, किंवा हा लहान अर्ज त्यांना कटकटीचा वाटत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करूनही सुरुवात करता येईल.

याच पेचातल्या दुसऱ्या घरांसाठी थोडं. तुमचा माणूस शिक्षा भोगत असेल, किंवा खटला लांबणार हे दिसत असेल, तर फेब्रुवारीची वाट पाहू नका. सतरा नंबरचे फॉर्म आदल्या पावसाळ्यात निघतात. कारागृहातल्या शिक्षकांना किंवा अधीक्षकांना जूनमध्येच अर्ज द्या आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला घरून पोचवा. बहुतेकांचं घोडं या दाखल्यावरच अडतं, कारण तो जुन्या शाळेत असतो आणि शाळा "विद्यार्थ्यानं स्वतः यावं" म्हणते. अशा वेळी अधीक्षकांचं पत्र घेऊन घरच्यांनी जावं. बारावीनंतरचं शिकायचं असेल तर इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांची केंद्रं मोठ्या कारागृहांत असतात. शिक्षा भोगणाऱ्या बंदीला शिक्षण पूर्ण केल्यावर माफीचे दिवसही मिळू शकतात. तुमच्या भावाला ते लागू नाही ताई, तो अजून कच्चा कैदी आहे.

तर तुमचा सोमवार असा. सकाळी कॉलेज: हॉल तिकीट, प्राचार्यांचं पत्र, तोंडीच्या तारखा आणि केंद्र बदलाच्या अर्जाची तयारी. दुपारी वकील. मुलाखतीला जाताना पुस्तकं न्या, पण आधी अधीक्षकांच्या नावे यादीसह अर्ज द्या. झेरॉक्स नोट्स स्पायरल बांधून नेऊ नका, तार पाहिली की गेटवरूनच परत येतात. डाव्या कोपऱ्यात जाड दोऱ्यानं शिवून न्या, आणि निळे बॉलपेन पारदर्शक नळीचे घ्या.